केस रंगवण्याआधी पार्लरला पाठवायची चिठ्ठी: डोकं नाजूक असेल आणि आधी एकदा डायची रिअ‍ॅक्शन आली असेल तर

बावीस वर्षं पार्लर चालवलं. त्या काळात एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं की ते कुठल्या क्षणी येणार हेही पाठ झालं होतं. बाई खुर्चीत बसलेली, गळ्याभोवती एप्रन, वाटीत रंग कालवून तयार, ब्रश हातात. आणि मग, "ताई, मला एकदा डायनं त्रास झाला होता हं. जरा सौम्य लावा."

या वाक्यावर पार्लरवालीला काहीच ठरवता येत नाही. कुठला डाय, कसला त्रास, किती वेळानं? शिवाय रंग कालवून झालेला, मागे दोन बायका थांबलेल्या. अशा वेळी बहुतेक जणी म्हणतात, "काळजी करू नका, आमचा अमोनिया-फ्री आहे." दोघींचं समाधान होतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून ही गोष्ट तोंडी न सांगता लिहून, आणि आधी पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, कागदावर चालेल. मात्र भेटीच्या आदल्या दिवशी नको, किमान तीन-चार आठवडे आधी. इतका वेळ कशासाठी, ते पुढे येईलच.

लिहिण्याआधी: जळजळ होती की रिअ‍ॅक्शन?

डायचा त्रास ढोबळमानानं दोन तऱ्हेचा असतो, आणि पार्लरवालीनं पुढे काय करायचं हे त्यावरच ठरतं.

पहिली जळजळ. रंग लावल्यावर पाच-दहा मिनिटांत डोकं चुरचुरायला लागतं, कधी भाजल्यासारखं वाटतं. धुतल्यावर तासाभरात कमी होतं, फार तर एक-दोन दिवस टाळू दुखरी राहते. जिथे रंग लागला तिथेच हे होतं. अमोनिया, रंगात कालवायचा जास्त तीव्रतेचा डेव्हलपर किंवा ब्लीच यांनी त्वचा चिडते. टाळू आधीच कोरडी, खाजवलेली किंवा पपडी धरलेली असेल तर जास्तच. इथे पार्लरवालीला करण्यासारखं बरंच असतं: डेव्हलपर कमी तीव्रतेचा घ्यायचा, रंग मुळाला न टेकवता लावायचा, वेळ कमी ठेवायचा.

दुसरी खरी अ‍ॅलर्जी. तिचा स्वभाव नेमका उलटा. रंग लावताना बहुतेकदा काहीच होत नाही. धुतल्यावरही नाही. मग दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटते, कपाळाच्या कडेला पुरळ येतं, पापण्या सुजतात, मानेवरून पाणी सुटतं. गंमत म्हणजे टाळू तुलनेनं बरी दिसते आणि चेहरा मात्र ओळखू येत नाही, कारण पापण्यांची आणि कानामागची कातडी टाळूपेक्षा पातळ असते. इतक्या उशिरा येत असल्यामुळे लोक दोष भलत्याला देतात. लग्नातल्या वांग्याच्या भाजीला, नव्या क्रीमला, डासाला.

या अ‍ॅलर्जीमागे बहुतेक वेळा एकच रसायन असतं, पॅराफेनिलीनडायअमाइन. पार्लरमध्ये आणि दवाखान्यात त्याला पीपीडी म्हणतात. काळ्या आणि गडद तपकिरी डायमध्ये ते असतं, आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांमध्येही असतं. एकदा शरीरानं ते शत्रू म्हणून ओळखलं की ती ओळख सहसा पुसत नाही. पुढच्या वेळी त्रास लवकर आणि जास्त जोरात येऊ शकतो. इथे 'सौम्य लावा' किंवा 'कमी वेळ ठेवा' याला अर्थ नाही. तो पदार्थ टाळायचा, एवढंच.

आता अमोनिया-फ्रीचं बघू. अमोनिया केसाचं आवरण उघडतो. अमोनिया-फ्री रंगात ते काम बहुतेकदा मोनोइथॅनॉलअमाइन करतं. वास जातो, थोडी जळजळही कमी होऊ शकते. पण रंग देणारं रसायन तेच राहतं, म्हणजे पीपीडी किंवा त्याचा भाऊबंद. जळजळवालीला या शब्दाचा थोडा उपयोग आहे, अ‍ॅलर्जीवालीला अजिबात नाही.

एक खरी हकीकत, तारीखवार

माझ्याकडे नेहमी केस कापायला येणाऱ्या एक शिक्षिकाबाई होत्या, वय बावन्न. भाचीच्या लग्नासाठी पांढरे केस झाकायचे होते. त्यांनी आधी मला पाठवलेला निरोप असा: "ताई, मला डायची अ‍ॅलर्जी आहे, टाळूही सेन्सिटिव्ह आहे. हर्बल काहीतरी बघा. २० तारखेला येते."

मी त्यांना फोन केला आणि कागद-पेन घेऊन बसायला सांगितलं. त्रास झाला तो आठवडा वारांनुसार आठवा, म्हटलं. आपल्याकडे तारखा लक्षात राहत नाहीत, पण सण आणि वार राहतात. निघालेलं चित्र असं होतं. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीचा शनिवार. संध्याकाळी पाचला घरीच काळ्या मेंदीची पुडी पाण्यात कालवून लावली, अर्ध्या तासानं धुतली. केस काळेभोर झाले. रात्री काही नाही. रविवारी संध्याकाळी कानामागे आणि मानेवर खाज. सोमवारी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डावा डोळा नीट उघडेना. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मलम दिलं. सूज चार-पाच दिवसांत उतरली, कानामागच्या पपड्या जायला तीन आठवडे लागले. आणि त्याच्याही आधीच्या वर्षी, तीच पुडी लावल्यावर, कपाळाच्या कडेला बारीक पुरळ आलं होतं. ते त्यांनी घामोळं समजून सोडून दिलं होतं.

यात तीन गोष्टी बोलतात. अर्ध्या तासात काळा रंग आला, म्हणजे ती नुसती मेंदी नव्हती. निव्वळ मेंदीला रंग द्यायला तास दोन तास लागतात आणि पांढऱ्या केसावर तो नारिंगी-तांबूस येतो, काळा कधीच नाही. त्रास चोवीस तासांनंतर आला. आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त आला. हे चित्र जळजळीचं नव्हतं.

टाळूचा प्रश्न मात्र वेगळा निघाला. त्यांना थंडीत वाढणारा तेलकट पपडीचा कोंडा होता, डॉक्टरांनी दिलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा चालू होता. 'सेन्सिटिव्ह' या एका शब्दात त्यांनी दोन निराळी दुखणी गुंडाळली होती. चिठ्ठीत ती वेगळी लिहायची.

चिठ्ठीसाठी काय शोधून ठेवायचं

जुनी पुडी किंवा खोका सापडला तर मागच्या बाजूचा घटकांचा फोटो. नसेल तर दुकानात जाऊन तोच माल हातात घ्या आणि फोटो काढा, विकत घ्यायची गरज नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर तिचा फोटो. त्या वेळी चेहऱ्याचा फोटो काढला असेल तर तोही. बायका तो लाजून पाठवत नाहीत, पण दहा ओळींचं काम तो एकटा करतो. आणि एक आठवण ताजी करा: जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर काळ्या मेंदीचा टॅटू कधी काढला होता का, आणि तो उठला होता का? त्यातही बऱ्याचदा पीपीडीच असतं, तेही भरपूर. अनेकांची पहिली गाठ तिथेच पडते.

ती चिठ्ठी

बाईंनी शेवटी जी पाठवली ती, थोडी आवरून:

> नमस्कार ताई,
>
> २० तारखेला केस रंगवण्यासाठी येण्याआधी हे लिहून कळवते. रंग ठरवण्यापूर्वी कृपया पूर्ण वाचा.
>
> दोन वर्षांपूर्वी मी घरी काळ्या मेंदीची पुडी लावली होती, अर्धा तास. लावताना जळजळ झाली नाही. साधारण २४ तासांनी कानामागे व मानेवर खाज आली, ३६ तासांनी दोन्ही पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. श्वासाला त्रास झाला नव्हता. त्याच्या आधीच्या वर्षी त्याच पुडीनं कपाळावर हलकं पुरळ आलं होतं. त्यानंतर मी कुठलाही डाय लावलेला नाही. पुडीच्या मागच्या बाजूचा व त्या वेळच्या चेहऱ्याचा फोटो सोबत आहे.
>
> पॅच टेस्ट अजून केलेली नाही. या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेते आहे. निकाल येईपर्यंत मला पीपीडीची अ‍ॅलर्जी आहे असंच धरून चाला.
>
> वेगळी गोष्ट: मला टाळूवर पपडीचा कोंडा आहे, मुख्यतः कानांच्या वर आणि मागे मानेपाशी. औषधी शाम्पू चालू आहे. त्या जागी कातडी लवकर सोलते. कंगव्याचं टोक, जोरात चोळणं आणि गरम ड्रायर सहन होत नाही.
>
> तुम्ही जो रंग वापरणार असाल त्याच्या ट्यूबचा आणि डेव्हलपरच्या बाटलीचा, घटक वाचता येतील असा फोटो पाठवाल का? टोनर लावणार असाल तर त्याचाही. मी तो डॉक्टरांना दाखवेन. कानामागे थोडा रंग लावून बघण्याची चाचणी माझ्यावर करू नका.
>
> तुम्हाला हे काम घेणं योग्य वाटत नसेल तर स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही. नुसता हेअरकट करून घेईन.
>
> (नाव, फोन, आणि घरच्या एका व्यक्तीचा फोन)

दीड मिनिटात वाचून होते. यातली काही वाक्यं का आहेत, ते सांगते.

'लावताना जळजळ झाली नाही' हे मुद्दाम लिहायचं. न झालेली गोष्ट लिहायची आपल्याला सवय नसते, पण या एका ओळीनं अनुभवी पार्लरवाली लगेच ओळखते की वेळ कमी करून किंवा डेव्हलपर बदलून हे सुटणारं नाही. श्वासाचंही तसंच. ब्लीचच्या पावडरीतल्या परसल्फेटनं काही जणींना मिनिटांत गांधी उठतात, दम लागतो. तसं झालेलं असेल तर ते चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत हवं. ब्लीच टाळायचं आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वेळच घ्यायची नाही.

कानामागची चाचणी नको, हे वाचून माझ्याच धंद्यातल्या काही जणी चमकतील. ही चाचणी चांगली सवय आहे आणि डायच्या वेष्टणावर तिची सूचना छापलेली असते. पण ती ज्यांना कधी काही झालेलं नाही त्यांच्यासाठी. ज्यांना एकदा रिअ‍ॅक्शन आली आहे त्यांच्यावर तोच पदार्थ पुन्हा लावणं म्हणजे छोट्या जागेवर तोच आजार उठवणं. आणि काही उठलं नाही तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण थेंबभर रंग आणि डोकंभर रंग यात फरक आहे. बऱ्याच डायच्या सूचनापत्रकात आधी रिअ‍ॅक्शन आलेल्यांनी हा रंग वापरू नये असंच लिहिलेलं असतं.

डॉक्टरांची पॅच टेस्ट निराळी. मोजलेलं पीपीडी, बहुतेक ठिकाणी व्हॅसलिनसारख्या पेट्रोलॅटममध्ये एक टक्का, पट्टीवर लावून पाठीवर चिकटवतात. सोबत इतरही पदार्थ असतात. दोन दिवसांनी पट्टी काढून बघतात आणि आणखी दोन-एक दिवसांनी पुन्हा बघतात, कारण काही डाग उशिरा उठतात. त्या दिवसांत पाठ भिजवायची नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल खोटा 'काही नाही' येऊ शकतो, तेव्हा औषधं आधी सांगायची. वेळ मिळणं, तीन फेऱ्या, मग ट्यूबचा फोटो दाखवणं, या सगळ्यात तीन आठवडे सहज जातात. म्हणून चिठ्ठी महिनाभर आधी.

शेवटचं वाक्य, 'योग्य वाटत नसेल तर सांगा', हे माझ्या मते सगळ्यात कामाचं. पार्लरवालीला गिऱ्हाईक सोडवत नाही. नकाराची वाट तुम्हीच मोकळी करून दिलीत तर ती खरं बोलते.

उत्तर आल्यावर ते कसं वाचायचं

ट्यूबचा फोटो आला तर उत्तर चांगलं. घटकांच्या यादीत 'फेनिलीनडायअमाइन' शोधा. ते नसेल तर 'टोल्यूइन-२,५-डायअमाइन' शोधा. 'पीपीडी-फ्री' लिहिलेल्या पुष्कळ रंगांत पीपीडीच्या जागी हेच असतं आणि पीपीडी न सोसणाऱ्या बऱ्याच जणींना हेही सोसत नाही. 'अमिनोफेनॉल' शेपटीला असलेली नावंही त्याच घरातली, ती डॉक्टरांना दाखवा.

"आमचा माल इम्पोर्टेड आहे", "हर्बल आहे", "आजवर कुणाला काही झालं नाही", ही उत्तरं नव्हेत. पुन्हा एकदा शांतपणे फोटो मागा. दुसऱ्यांदाही मिळाला नाही तर तिथे केस कापून घ्या, रंगवू नका. माझ्या पार्लरमध्येसुद्धा सुरुवातीच्या काळात सुटा रंग मोठ्या डब्यातून वाटीत काढला जायचा आणि डबा कोणता हे मदतनीस मुलीला ठाऊक नसायचं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

"हायलाइट्स करू, फॉइलमध्ये, टाळूला लागणारच नाही" हे उत्तर अर्धं बरोबर आहे. ब्लीचमध्ये पीपीडी नसतं आणि फॉइल मुळापासून थोडं दूर ठेवता येतं. पांढरे केस झाकले जात नाहीत, पण बाजूच्या बटा उजळल्या की ते मिसळून जातात. फसगत होते ती नंतर बेसिनपाशी. ब्लीच केलेल्या केसाचा पिवळेपणा मारायला टोनर लावतात, तो ओल्या केसांवर सगळीकडे, टाळूसकट, आणि डेव्हलपरमध्ये कालवायच्या टोनरमध्ये बहुतेकदा याच घराण्यातलं काहीतरी असतं. म्हणून चिठ्ठीत टोनरचा वेगळा उल्लेख आहे.

बाईंचं पुढे काय झालं

पॅच टेस्टमध्ये पीपीडीच्या जागी लाल फोड उठले, टोल्यूइन-डायअमाइनच्या जागीही उठले. म्हणजे डेव्हलपरमध्ये कालवायचे माझ्याकडचे सगळे रंग बाद. मी त्यांना दोन वाटा सांगितल्या: टोनरशिवाय फॉइल, किंवा निव्वळ मेंदी आणि तिच्यावर नीळ. ही नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे, नीळीच्या झाडाच्या पानांची पूड. डॉक्टरांनी दोन्हींच्या पुड्यांची वेष्टणं बघितली. बाईंनी दुसरी वाट घेतली.

मेंदी निवडताना एकच निकष ठेवला: वेष्टणावर घटक एकच हवा. पूड हिरवट, वास वाळलेल्या गवताचा. पहिल्या दिवशी मेंदी दोन तास. केस नारिंगी झाले आणि बाईंचा चेहरा पडला. त्याची कल्पना आधी द्यायला हवी होती, ती मी दिली नव्हती, चूक माझी. दुसऱ्या दिवशी नीळ कोमट पाण्यात कालवून तास-दीड तास. रंग तपकिरी आला, पुढच्या एक-दोन दिवसांत आणखी गडद झाला. डायसारखा काळाभोर नाही, आणि कानशिलाचे पांढरे केस किंचित तांबूस राहिले.

टाळूसाठी एवढंच केलं. कोंडा शांत असलेला आठवडा निवडला. त्या दिवशी सकाळी डोकं धुऊ दिलं नाही, कारण टाळूवरचं तेल थोडं कवच देतं. बसवल्यावर आधी केस पाडून पूर्ण टाळू बघितली. कुठे सोललेलं किंवा ओलसर असतं तर काम पुढे ढकललं असतं. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलिन, बोथट ब्रश, धुताना कोमट पाणी आणि नखं नाहीत, ड्रायर थंड हवेवर.

घरी जाताना त्यांच्या हातात एक कागद दिला. पुढचे तीन दिवस कान, मान, पापण्या बघायच्या. खाज सुरू झाली तर डोकं भरपूर पाण्यानं आणि साध्या शाम्पूनं धुवायचं, वापरलेल्या पुडीचा फोटो घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला किंवा श्वास लागला तर मला फोन करत बसायचं नाही, थेट १०८. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी लग्नातला फोटो आला, आणि त्याच्याखाली पार्लरच्या वहीसाठी एक ओळ: "मेंदी आणि नीळ, दोन्ही पुड्यांचे फोटो जपून ठेवा, पुढच्या वेळी हेच."

वहीत मी त्यांच्या नावासमोर लाल पेनानं 'पीपीडी नाही, टोल्यूइन-डायअमाइन नाही, टोनर नाही' असं लिहिलं आणि मूळ चिठ्ठी त्या पानाला टाचून ठेवली. पार्लर मुलीच्या हाती दिलं तेव्हा ती वहीही दिली.